भावकीच्या हुरड्यातली तीन मिनिटं: बोलणं बंद असलेल्या दोन घरांसमोर आतेभावानं काय बोलावं

चुलत्या-पुतण्यांच्या दोन घरांत बोलणं बंद असतं आणि एखाद्या कार्यक्रमाला दोन्ही घरं येणार असतात. मग कुणीतरी नव्या पिढीतल्या एकाला म्हणतं, "तू शिकलेला आहेस, दोन शब्द बोल की." हे दोन शब्द कसे तयार करायचे, कुठं उभं राहून बोलायचे आणि त्यानंतर काय करायचं, ते इथं क्रमानं सांगितलं आहे. प्रसंग सोलापूरकडचा आणि हंगामातला घेतला आहे: संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी रानात ठेवलेला हुरडा.

उदाहरणासाठी एक घर धरू. तीन भाऊ आणि एक बहीण, गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात. थोरले आप्पा आणि मधले तात्या यांच्यात सामाईक विहिरीच्या पाळीवरून वाजलं. एका उन्हाळ्यात मोटरचा स्टार्टर कुणी काढून नेला यावरून शब्दाला शब्द वाढला. पुढं आप्पांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तात्यांच्या घरी हातात न देता पोरासोबत पाठवली गेली आणि तात्या लग्नाला गेले नाहीत. धाकटे पुण्यात असतात. आई-वडील हयात नाहीत. बहीण अक्कलकोटला दिलेली आणि तिचा मुलगा बोलणार आहे. दोन्ही बाजू त्याचे मामा, दोन्हीकडची पोरं त्याची मामेभावंडं.

बोलणारा कोण असावा

आत्याचं लेकरू यासाठी सगळ्यांत बरं, कारण दोन्ही घरं त्याच्या आईचं माहेर आहेत आणि कुठल्याही बाजूला बसलं तरी त्याला कुणी हरकत घेत नाही. तिसऱ्या, भांडणात नसलेल्या भावाचा मुलगाही चालतो. भांडणातल्या दोघांपैकी एकाच्या मुलानं मात्र बोलू नये. त्यानं कितीही प्रामाणिकपणे बोललं तरी समोरच्या घरात संध्याकाळी एकच वाक्य निघतं: "बापानं शिकवून पाठवलंय."

आत्याच्या मुलाबाबत एक गोष्ट आधी तपासावी लागते. ९ सप्टेंबर २००५ पासून वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्यामुळं वाटणी राहिलेली असेल आणि आत्याकडं हक्कसोडपत्रावर सही मागितली जात असेल, किंवा तिनं हिस्सा मागितला असेल, तर तीही त्या व्यवहारातली एक बाजू झाली. अशा वेळी तिच्या मुलाचं गोड बोलणं सहीसाठी किंवा हिश्शासाठी चाललंय असं दोन्हीकडं वाटतं. तेव्हा बोलणारा बदला. आणि काहीही झालं तरी हुरड्याच्या दिवशी रानात कुणाच्या पिशवीत कागद नसावा. सह्यांसाठी बोलावलं होतं असा नुसता संशय आला तरी पुढची दहा वर्षं कुणी एकत्र येत नाही.

काही वेळा भाषण करूच नये. अलीकडं हाणामारी झाली असेल, पोलिसांत तक्रार असेल, किंवा दोघांपैकी एक जण "मी येतो, पण तो आला तर उठून जाईन" असं सांगून येत असेल, तर नुसतं जेवण करा आणि माणसं सुखरूप घरी जाऊ द्या. दहाव्या-तेराव्यालाही हे भाषण नको. दुःखात माणूस मान डोलावतो आणि महिन्यानं त्याला ते डोलावणं नामुष्की वाटायला लागतं.

दिवस आणि जागा

सोलापूर भागात रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि तिचा हुरडा साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर मिळतो. या काळात संक्रांत येते आणि ती आपल्या कामाला फार उपयोगी आहे, कारण तीळगूळ संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत देता येतो. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला असते, पण रथसप्तमी तिथीनं येते. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. तेव्हा पंचांग पाहून हुरड्याचा रविवार असा निवडा की त्यानंतर रथसप्तमीपर्यंत निदान आठवडा हातात राहील. एखाद्या वर्षी तसा रविवार मिळत नसेल तर हुरडा शनिवारी किंवा सुटीच्या दिवशी ठेवा, पण ही मुदत सोडू नका. ती का हवी ते पुढं येईल. संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. शहरातल्या घरांत पाहुणे असतात आणि कुणाला नंदीध्वजाचा मान असतो, म्हणून ते चार-पाच दिवस टाळा.

जागा वादातल्या रानातली नको. त्या बांधावर बसून कुणी काही बोललं नाही तरी डोळे विहिरीकडं जातात. आत्याच्या गावचं रान, धाकट्याच्या सासऱ्यांचं रान किंवा पैसे देऊन हुरडा मिळतो असं एखादं शेत घ्या. खर्च घरटी समान वर्गणी काढून करा, पुण्याचे साहेब सगळा खर्च द्यायला तयार असले तरीही. एकानं पैसे घातले की तो त्याचा हुरडा होतो आणि बाकीचे त्याच्याकडं आलेले होतात.

आगटीचाही विचार करावा लागतो. पंचवीस-तीस माणसं असतील तर एका आगटीवर भागत नाही म्हणून दोन पेटवल्या जातात, आणि लक्ष नसलं तर पाच मिनिटांत एकीभोवती आप्पांचं घर आणि दुसरीभोवती तात्यांचं घर बसतं. दोन आगट्या कराच, पण एक मोठ्यांची आणि एक पोरांची असं आधीच जाहीर करा. भाजणं, कणसं चोळणं आणि वाढणं ही कामं प्रत्येक ठिकाणी दोन्ही घरच्या एकेका पोराला मिळून द्या. गरम कणीस हातावर चोळताना माणसं मागणं-देणं करतातच, "सूप इकडं सरकव" एवढं तरी बोलतात. कित्येक वर्षांनंतरचं पहिलं बोलणं असं क्षुल्लक गोष्टीवर होणं उत्तम.

पंधरा दिवस आधीची दोन घरं

भाषणाचं खरं काम इथं होतं. रानातली तीन मिनिटं म्हणजे या दोन भेटींत मिळालेलं सगळ्यांसमोर ठेवणं, इतकंच.

दोन्ही मामांकडं स्वतः जा. फोनवर हे होत नाही. आधी थोरल्यांकडं, कारण वयाचा मान मोडला तर तिथंच अडतं. पण मधल्यांकडं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचा, म्हणजे तुमच्याआधी तुमची बातमी पोहोचणार नाही. एका घरी जेवलात तर दुसऱ्या घरीही जेवा. एका ठिकाणी जेवण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता चहा झाला तर ते लक्षात ठेवलं जातं.

पहिलं वाक्य स्पष्ट असू द्या: "हुरड्याला मी दोन मिनिटं बोलणार आहे. विहिरीचा, रानाचा विषय काढणार नाही. तुमची ना नसेल तरच बोलतो." होकार मिळाला की आठवणींकडं या. इथं बहुतेक जण चुकतात. ते थेट विचारतात, "तात्यामामांचं काहीतरी चांगलं सांगा ना." असं विचारलं की माणूस बंद होतो, कारण ते कबुली मागितल्यासारखं वाटतं. माणसाबद्दल विचारू नका, काळाबद्दल विचारा. "बहात्तरच्या दुष्काळात घर कसं चालायचं?" "पहिली मोटारसायकल आली तेव्हा कोण चालवायचं?" "तुमच्या लग्नात वरातीला कोण कोण होतं?" भावांचं लहानपण एकाच छपराखाली गेलेलं असतं, त्यामुळं दहा मिनिटांत दुसऱ्याचं नाव आपोआप येतं. तुम्हाला हवी आहे ती आठवण अशी: समोरच्यानं माझ्यासाठी काय केलं. मी त्याच्यासाठी काय केलं याच्या आठवणी भरपूर निघतील. त्या ऐकून घ्या, पण भाषणात घेऊ नका, कारण त्यात उपकाराची मोजणी असते.

आपल्या उदाहरणात तात्या सांगतात की १९७२ च्या दुष्काळात आप्पांनी शाळा सोडली, खडी फोडायच्या कामावर गेले आणि तिथं मिळालेली सुकडी घरी आणून आधी तात्यांना द्यायचे. आप्पा सांगतात की अपघातात त्यांचा पाय मोडला तेव्हा तात्या मिलमधली पाळी करून रात्री सिव्हिलच्या व्हरांड्यात झोपायला यायचे. या दोन गोष्टी मिळाल्या की उठण्याआधी विचारा, "हे मी सगळ्यांसमोर सांगू का?" ही परवानगी सोडू नका. ती मिळाली की रानात आप्पांना कळतं की तात्यांना सुकडी आठवते आणि त्यांनी ते सांगायला हरकत घेतली नाही. माणसाचा राग सहसा "त्याला काहीच आठवत नाही" यावर टिकून असतो, आणि तेवढाच एक आधार या दोन आठवणी काढून घेतात. परवानगी नाही मिळाली तर दुसरी आठवण शोधा. तीही नाही मिळाली तर दोन्ही आठवणी गाळून भाषण आणखी लहान करा. एकाच बाजूची आठवण सांगू नका.

आठवण निवडताना तिच्यात रान, विहीर, पैसे, सोनं किंवा कुणाच्या लग्नाचा आहेर येत नाही ना ते बघा. "तात्यांनी पहिल्या पगारातून विहिरीला पैसे दिले" ही आठवण कितीही गोड असली तरी तिच्यात हक्क लपलेला आहे. कोर्टात दावा चालू असेल तर अशा वाक्याचा नंतर भलताच वापर होऊ शकतो.

दोन्हीकडच्या मामींना वेगळं भेटा, स्वयंपाकघरात बसून. विहिरीचं भांडण पुरुषांचं असतं, पण पत्रिका हातात न दिल्याचं दुखणं बहुतेक वेळा त्यांनी जपलेलं असतं. त्यावर तुम्ही उत्तर देऊ नका, फक्त ऐका आणि काय टाळायचं ते टिपून घ्या. इथल्या घरात लग्नाचा विषय भाषणात येता कामा नये, हे त्या भेटीतच कळतं.

शेवटी तुमची मागणी काय असणार तेही दोघांच्या कानावर घालून ठेवा. रानात ती पहिल्यांदा ऐकू आली तर चारचौघांत कोंडी झाल्यासारखं वाटतं आणि कोंडी झालेला माणूस नाही म्हणतो.

मागणी किती मोठी

मागणी एकच, लहान, तारीख असलेली आणि मोठ्यांना पहिलं पाऊल टाकायला न लावणारी हवी. "झालं गेलं विसरा आणि एक व्हा" ही मागणी होत नाही. ती ऐकून उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. "गळाभेट घ्या" ही मागणी तर घातक आहे, कारण त्यात आधी कोण उठणार हा प्रश्न सगळ्यांदेखत उभा राहतो आणि भांडण बहुतेक त्याच प्रश्नावर अडलेलं असतं.

तीळगुळानं हा प्रश्न सुटतो. रिवाजानं लहानानं मोठ्याकडं जायचं, पाया पडायचं, तीळगूळ द्यायचा-घ्यायचा. त्यात माफीही नाही आणि हारही नाही. म्हणून मागणी अशी ठेवा: रथसप्तमीच्या आत, ठरलेल्या दिवशी, आप्पांची नातवंडं तात्यांकडं आणि तात्यांची नातवंडं आप्पांकडं तीळगूळ घेऊन जातील. मोठ्यांनी फक्त घरी असायचं. दोन्हीकडं एकाच दिवशी जायचं, म्हणजे आधी कुणाची पोरं आली याचा हिशेब राहत नाही.

भाषणाचा मसुदा

आपल्या घरासाठी ते असं होईल.

"आप्पामामा, मोठ्या मामी, आई, तात्यामामा, मधल्या मामी, धाकटे मामा, धाकट्या मामी, आणि माझ्या सगळ्या मामेभावंडांनो. सगळे आलात. आई सकाळपासून चारदा माणसं मोजून आली.

पुढचा हुरडा भाजेपर्यंत तुमची तीन मिनिटं मागतो.

मागच्या पंधरवड्यात मी आप्पामामांकडं जाऊन आलो आणि तात्यामामांकडंही जाऊन आलो. दोघांना जुन्या दिवसांचं विचारलं.

तात्यामामांनी सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात आप्पांनी शाळा सोडली आणि खडी फोडायला गेले. तिथं मिळालेली सुकडी स्वतः न खाता घरी आणायचे. तात्यामामा म्हणाले, माझी शाळा सुटली नाही ती त्याच्यामुळं.

आप्पामामांनी सांगितलं, पाय मोडून ते सिव्हिलला होते तेव्हा तात्या मिलची पाळी करून रात्री व्हरांड्यात झोपायला यायचे. घरून डबा आणायचे आणि समोर बसून खायला लावायचे. आप्पामामा म्हणाले, मी परत चालायला लागलो तो त्याच्यामुळं.

आम्हा पोरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघांनी परवानगी दिली म्हणून सांगितलं.

मधली काही वर्षं आपलं एकमेकांकडं जाणं-येणं थांबलं. ते का थांबलं यावर बोलायला मी लहान आहे, आणि आज तो विषयही नाही. पण आज सकाळी आपल्या नातवंडांना एकमेकांची नावं विचारावी लागली, ते मला बघवलं नाही.

म्हणून मोठ्यांकडं एकच मागतो. रथसप्तमीच्या आत, पुढच्या शनिवारी संध्याकाळी, दोन्ही घरची पोरं एकमेकांच्या घरी तीळगूळ घेऊन येतील. तेवढा वेळ घरी थांबा आणि त्यांना पाया पडू द्या.

सुरुवात आत्ताच करू. पोरांनो, डबे आणा."

हे बोलायला न घाई करता पावणेदोन ते दोन मिनिटं लागतात. मध्ये थांबण्याला, कुणी काही म्हणण्याला वेळ धरून तीन. याहून लांबवू नका. आता यातली काही वाक्यं तशीच का आहेत ते सांगतो.

नावं वयाच्या क्रमानं आहेत, घराच्या नाही. आत्या वयानं आप्पांच्या पाठची, म्हणून ती तात्यांच्या आधी. हा क्रम कागदावर लिहून आईला दाखवा. एखादी विधवा काकू किंवा दुसऱ्या गावाहून आलेली मोठी चुलत बहीण राहून गेली तर पुढचं सगळं भाषण त्या गाळलेल्या नावाखाली दबतं. सोलापुरात एकाच घरात एखादी सून कन्नड घरातली असते. तिच्या माहेरची माणसं आली असतील तर "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि" हे तीळगुळाचं कन्नड वाक्य पोरांना शिकवून ठेवा. भाषणात घालू नका, डबा फिरताना म्हणू द्या.

दोन आठवणींची लांबी जवळपास सारखी आहे आणि दोन्हींचा शेवट एकाच वळणाचा आहे. हे मुद्दाम केलं आहे. भांडणातली माणसं वाक्यं मोजतात. एकाची चार आणि दुसऱ्याची दोन झाली तर दुसऱ्या घराला बाकी काही ऐकूच येत नाही. धाकट्या मामांची आठवण नाही, कारण त्यांचं कुणाशी बिनसलेलं नाही. त्यांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे वाईट वाटणार नाही.

दुराव्याबद्दल एकच वाक्य आहे आणि त्यात कारण नाही, वर्षांचा आकडा नाही, "भांडण" हा शब्दही नाही. इथं एक वाक्य हमखास तोंडात येतं: "चूक दोघांचीही असेल." समतोल वाटतं, पण तो निकाल आहे, आणि निकाल देणारा वयानं लहान आहे. दोघेही त्यातला फक्त स्वतःचा दोष ऐकतात. दुसरं मोहाचं वाक्य म्हणजे "आज आजी असती तर तिला काय वाटलं असतं." त्यानं डोळ्यांत पाणी येतं खरं, पण ते ओझ्याचं पाणी असतं. आणि आजीचं शेवटचं कुणी केलं, किती केलं, हा बहुतेक घरांत वेगळा वाद असतोच. ते दार उघडू नका.

मसुदा झाला की दोन्ही घरांतल्या तुमच्या वयाच्या एकेका मामेभावंडाला वाचून दाखवा आणि एवढंच विचारा: "यातलं कुठलं वाक्य घरी गेल्यावर परत काढलं जाईल?" ते दाखवतील ते वाक्य वाद न घालता खोडा.

रानात बोलताना

वेळ महत्त्वाची. हुरडा गरम असतानाच खायचा असतो, गार झाला की चिवट होतो, म्हणून वाढणं चालू असताना कुणी तुमच्याकडं बघणार नाही. पहिला हुरडा खाऊन झाला, हात पुसले, आणि पुढची कणसं आत्ताच आरात घातली आहेत, ती तुमची वेळ. भाकरी, भरीत, शेंगाचटणीचं जेवण झाल्यावर थांबू नका. तोवर निम्मी माणसं झाडाखाली आडवी होतात आणि ज्यांना लवकर निघायचं ते निघालेले असतात. कुणी प्यायला सोबत आणलं असेल तर तेही भाषणाआधी उघडलं जाऊ नये, हे मामेभावंडांनी बघावं.

उभं राहायची जागा आत्याच्या शेजारी. कुठल्याही एका घराच्या मागं उभं राहू नका. वारा पाठीवर घ्या. त्यानं आवाज पुढं जातो आणि धूर डोळ्यांत येत नाही. माइक नको, माइकनं ते सभेसारखं होतं. हातात चिठ्ठीवर फक्त नावांचा क्रम आणि चार शब्द असू द्यात: सुकडी, सिव्हिल, नावं, शनिवार. कागद वाचून दाखवला तर तो कुणीतरी लिहून दिलाय असं वाटतं.

मोबाईलवर शूटिंग कुणी करणार नाही हे भावंडांशी आधी ठरवा. न आलेल्या माणसांना अर्धी क्लिप जाते आणि तिच्यावर नव्यानं सुरू होतं.

कुणी मध्येच बोललं, आणि बहुधा बोलतंच, तर उत्तर तयार ठेवा. "मग विहिरीचं काय?" असं आप्पांकडून आलं तर: "मामा, ते तुम्ही मोठे बसाल तेव्हा. मी आज पोरांपुरतंच बोलतोय." एवढं म्हणून क्षणभर थांबा आणि थेट मागणीवर या. राहिलेल्या आठवणी सोडून द्या, पण एक सांगून झाली असेल तर दुसरी एका वाक्यात तरी सांगाच. कुणी उठून चालायला लागलं तर हाक मारू नका. त्याच्यामागं तांब्या घेऊन जायला एक समजूतदार माणूस आधी ठरवलेला असावा. तो काही समजावणार नाही, फक्त सोबत उभा राहील.

शेवटच्या वाक्यानंतर लगेच पोरं डबे घेऊन आली पाहिजेत. डबे जवळच, झाकण सैल करून ठेवा. भाषण संपलं आणि काहीच घडलं नाही तर ती शांतता कुणीतरी टाळ्यांनी किंवा टोमण्यानं भरतं. आप्पांच्या नातवंडानं तात्यांकडं आणि त्याच वेळी तात्यांच्या नातवंडानं आप्पांकडं जायचं, हे सकाळीच खेळात शिकवून ठेवा. सात-आठ वर्षांची पोरं यासाठी बरी. फार लहान असली तर लाजतात आणि पंधरा-सोळाची असली तर आईबापाच्या चेहऱ्याकडं बघतात.

त्यानंतर

भाषण लागू पडलं की नाही हे रानातल्या रडण्यावरून ठरवू नका. उरलेलं भरीत आणि चटणी बांधताना एका मामींनी दुसऱ्या मामींच्या घरचा डबा भरला का, परतताना एखादं पोरगं दुसऱ्या घरच्या गाडीत बसलं का, ते बघा. मोठ्यानं "हो हो, सगळं चांगलं झालं" म्हणत जेवणाआधीच निघणारा माणूस अजून तिथंच आहे असं समजा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मामांना फोन करा आणि दोघांना एकच वाक्य बोला: "आलात, बरं वाटलं." समोरचा काय म्हणाला ते सांगू नका, विचारलं तरी नाही. निरोप्या झालात की तुमचं आत्याचं पोर असणं संपलं. ग्रुपवर आभाराचा लांब मजकूरही टाकू नका.

शनिवारी पोरांना घेऊन जाणारं माणूस कोण ते नक्की करा. त्यांचे आईबाप नकोत, पहिल्या वेळी तुम्ही किंवा पुण्याच्या मामांची मुलगी जा. अर्ध्या तासाच्या आत निघा, जेवायचा आग्रह झाला तर बसा. एका घराला कुलूप दिसलं तर डबा शेजाऱ्यांकडं ठेवू नका आणि फोनही लावू नका. पोरांना घेऊन परत या, आणि रथसप्तमीच्या आधी आणखी एकदा जा. ती मुदत ठेवली होती ती याचसाठी. दुसऱ्यांदाही कुलूप असेल तर यंदापुरतं थांबा, दुसऱ्या घरच्या पोरांचं जाणं मात्र चालू ठेवा. त्याची चर्चा करू नका.